काळवंडलेल्या हिरड्या आणि मामाची काठी : सात वर्षांच्या मुलातील ॲड्रिनल अपयशाचे एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

ऐरोलीत राहणारे चौकोनी म्हणता म्हणता पाच जणांचे झालेले हे कुटुंब. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात, आई घर सांभाळते. अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षे दहा महिन्यांचा मुलगा आणि दहा महिन्यांचे तान्हे बाळ, तेही मुलगाच. हे प्रकरण मधल्या मुलाचे आहे.

जुलैच्या एका रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. पहाटे तो हाक मारूनही नीट जागा होईना, म्हणून आई-वडिलांनी त्याला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेले आणि तिथून तो आमच्याकडे आला. वजन १८ किलो, उंची ११४ सेंटीमीटर. नाडी जलद, हातपाय गार, रक्तदाब वयाच्या मानाने कमी आणि बोटातून घेतलेल्या थेंबात साखर ४४. ताप किरकोळ होता आणि जुलाब नव्हते. आदल्या दिवशी शाळेतही तो बाकावर डोके टेकून बसला होता, एवढेच आईला आठवत होते.

पावसाळ्यात उलट्यांनी गळून गेलेली मुले नवी मुंबईत रोजच दाखल होतात आणि बहुतेकांना सलाइन व साखर पुरते. या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले ते त्याच्या तोंडाने. हिरड्यांवर निळसर-काळे पट्टे होते, बोटांच्या पेरांवरची आणि तळहाताच्या रेषांमधली कातडी काळवंडली होती आणि गुडघ्यावर तीन महिन्यांपूर्वी खरचटल्याची जी खूण होती, ती भोवतालच्या त्वचेपेक्षा कितीतरी गडद होती. आजीचे म्हणणे होते की पोरगा उन्हात क्रिकेट खेळून काळा पडला. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत, तळहाताच्या रेषाही नाहीत. आपल्याकडे सावळ्या मुलांच्या हिरड्या जन्मतः गडद असू शकतात, म्हणून एकट्या हिरड्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पण इथे आई स्वतः सांगत होती की हा रंग गेल्या वर्षभरात आला आहे आणि बाकी दोन्ही मुलांमध्ये तो नाही.

पहिला निर्णय : स्टिरॉइडच्या आधीचे रक्त

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तदाब आणि साखर टिकवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. त्या थकल्या की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्यांना हाकण्यासाठी एसीटीएच हे संप्रेरक भरमसाट सोडू लागते आणि त्याच एसीटीएचमुळे कातडी काळवंडते. काळवंडलेली कातडी, कमी साखर आणि कमी रक्तदाब ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यावर ॲड्रिनल संकट गृहीत धरून उपचार करायचे असतात. अहवालाची वाट पाहायची नसते.

तरीही एक गोष्ट त्या पाच मिनिटांत करून घ्यावी लागते. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातले कॉर्टिसॉल, एकदा शिरेत गेले की रक्तातील कॉर्टिसॉलचा आकडा निरर्थक होतो आणि नंतर निदान पक्के करण्यात आठवडे जातात. म्हणून सलाइनसाठी सुई लावतानाच कॉर्टिसॉल, एसीटीएच, शरीरात मीठ कमी पडले की वाढणारे रेनिन आणि क्षार यांसाठी रक्त काढून घेतले. एसीटीएचची नळी बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत पाठवावी लागते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. नमुना मिळणे कठीण जात असते, तर त्यासाठी औषध थांबवले नसते.

त्यानंतर ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून, दहा टक्के डेक्स्ट्रोजचे ३६ मिलिलिटर आणि साध्या सलाइनचे ३६० मिलिलिटर दिले. पुढे दर सहा तासांनी साडेबारा मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चालू ठेवले. दुपारपर्यंत मुलगा उठून बसला आणि वरणभात मागू लागला.

अहवालात कॉर्टिसॉल १.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होते. अशा ताणाखाली ते १८ च्या वर अपेक्षित असते. एसीटीएच यंत्र मोजू शकते त्याच्या कमाल मर्यादेपेक्षाही वर, म्हणजे १२५० च्या पुढे होते. सोडियम १३२ आणि पोटॅशियम ४.९. ग्रंथीच अपयशी ठरली आहे, पिट्युटरी नव्हे, हे सिद्ध झाले.

प्रश्न

इथपर्यंतचे काम अनेक ठिकाणी नीट होते. खरी अडचण यानंतर येते. घरी सोडण्याच्या कागदावर ‘ॲडिसन आजार’ असे लिहून गोळ्या सुरू करता येतात, मूल टवटवीत होते आणि सगळ्यांना वाटते की निदान झाले. पण ‘ॲडिसन’ने ग्रंथी बंद पडली एवढेच कळते, ती का बंद पडली हे कळत नाही. लहान मुलग्यांमध्ये त्या ‘का’चे उत्तर बरेचदा आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रात असते, आणि त्यातल्या एका उत्तरात पुढचा धोका ग्रंथीला नसून मेंदूला असतो.

विचारात घेतलेल्या शक्यता

मुलांमधील ॲड्रिनल अपयशाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लाझिया, ज्यात ग्रंथी मोठी असते पण एक एन्झाइम कमी असते. त्या एन्झाइमअभावी साठणारे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या मुलात वाढलेले नव्हते आणि अकाली वयात येण्याची चिन्हेही नव्हती, म्हणून ती शक्यता मागे पडली. क्षयरोगाचा विचार आपल्याकडे करावाच लागतो; छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी यांत काही आढळले नाही. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला शोधण्यासाठी २१-हायड्रॉक्सिलेजविरोधी प्रतिपिंडांची तपासणी पाठवली. अश्रू न येणे आणि अन्न गिळताना अडकणे यांबद्दल विचारले, कारण त्या जोडीने येणारा एक वेगळा आनुवंशिक विकार आहे. तसे काही नव्हते.

उरल्या दोन गंभीर शक्यता, आणि इथे थोडे थांबणे योग्य आहे.

पहिली, जन्मजात ॲड्रिनल हायपोप्लाझिया. एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेवरच्या एनआर०बी१ या जनुकात, ज्याला डॅक्स-१ असेही म्हणतात, दोष असला की ग्रंथीचा प्रौढ भाग नीट घडतच नाही. अशा मुलाला बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच त्रास होतो : वजन वाढत नाही, उलट्या होतात, सोडियम कोसळते, पोटॅशियम चढते. बाह्य जननेंद्रिये मुलासारखीच असतात आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन वाढत नाही. मात्र काही मुलांची ग्रंथी बालपणीच्या मधल्या वर्षांपर्यंत तग धरते, त्यामुळे सात वर्षांच्या मुलातही हा आजार नाकारता येत नाही. त्याची दुसरी बाजू वयात येताना उघड होते, कारण तेच जनुक पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमसलाही लागते : चौदाव्या वर्षीही अंडकोष वाढत नाहीत आणि त्यांना चालना देणारी एलएच, एफएसएच ही संप्रेरके खालीच राहतात.

या शक्यतेकडे आम्हाला एक खूण ओढत होती. मुलाचा डावा अंडकोष जन्मतः खाली उतरलेला नव्हता आणि वर्षभराचा असताना त्याची शस्त्रक्रिया झाली होती. हायपोप्लाझियात असे आढळते. पण न उतरलेला अंडकोष एरवीच्या निरोगी मुलांमध्येही पुष्कळ दिसतो, म्हणून ही खूण कमकुवत आहे. याच्या उलट, सात वर्षे एकही क्षारसंकट न येणे आणि आजही पोटॅशियम सामान्य असणे, हे हायपोप्लाझियाच्या विरुद्ध जाते. त्यात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन बहुधा लवकर कमी पडते. त्याच एक्स गुणसूत्रावर शेजारी ग्लिसरॉल कायनेज आणि ड्युशेन स्नायूक्षयाची जनुके असतात आणि कधी तिन्ही एकत्र गळतात, म्हणून स्नायूंची हानी दाखवणारे सीपीके आणि ग्लिसरॉल कायनेज नसल्यास वाढलेली दिसणारी ट्रायग्लिसराइड तपासली. दोन्ही सामान्य आली. याचा अर्थ इतकाच की मोठा तुकडा गळलेला नाही. एकट्या एनआर०बी१ मधला बारीक दोष त्यातून दिसत नाही.

दुसरी शक्यता ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, संक्षेपाने एएलडी. एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाला असलेले एबीसीडी१ जनुक बिघडले की फार लांब साखळीची मेदाम्ले पेशीतल्या पेरॉक्सिझोममध्ये पोचत नाहीत, मोडली जात नाहीत आणि ॲड्रिनल ग्रंथी व मज्जासंस्थेच्या पांढऱ्या भागात साठतात. यात ग्रंथीचा कॉर्टिसॉल बनवणारा भाग आधी जातो आणि मीठ सांभाळणारा भाग पुष्कळदा बराच काळ टिकतो. म्हणून सोडियम-पोटॅशियम जवळपास ठीक असूनही मूल काळवंडलेले आणि साखर घसरलेले दिसते, जसा हा मुलगा दिसत होता. बाधित पुरुषांपैकी सुमारे ८० टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी ॲड्रिनल अपयश येते आणि ते बहुधा तीन ते दहा या वयात सुरू होते. सुमारे एकतृतीयांश मुलांत बालपणीच मेंदूचा दाहक आजार सुरू होतो, साधारण चार ते दहा या वयात, आणि एकदा वेग घेतला की दोन-तीन वर्षांत मूल अंथरुणाला खिळते. ग्रंथी आधी बिघडेल की मेंदू, हे जनुकातल्या दोषावरून सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावांचेही वेगळे होते.

मामा

दाखल करतानाच्या छापील कागदावर ‘कुटुंबात आजार’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते. मधुमेह, दमा, क्षयरोग यांबद्दल विचारले की असेच उत्तर येते. दुसऱ्या दिवशी आम्ही आईला फक्त तिच्या माहेरच्या पुरुषांबद्दल एकेक करून विचारले : भाऊ, मावसभाऊ, आईचे भाऊ; कोणी लहानपणी दगावले का, कोणाला चालताना त्रास आहे का, कोणी फार काळे पडले का. ती थोडा विचार करून म्हणाली, “माझा भाऊ काठी घेऊन चालतो, डॉक्टर. पण त्याला मणक्याचा त्रास आहे.”

मामा ३८ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्या गावी राहणारा. तिशीनंतर पाय ताठरू लागले, लघवी रोखता येईना, मणक्याच्या एमआरआयमध्ये काही सापडले नाही, तरी ‘मणक्याचा आजार’ हेच नाव राहिले. एएलडीचे प्रौढ रूप नेमके असेच असते : पाठीच्या कण्यातील तंतू हळूहळू झिजतात. हायपोप्लाझियाच्या घरात आपण माहेरी तान्हेपणी अकारण दगावलेले मुलगे किंवा मूल न झालेले पुरुष शोधतो; एएलडीच्या घरात काठी घेऊन चालणारा मामा. या एका वाक्याने दोन शक्यतांचा तोल बदलला.

काय केले

फार लांब साखळीच्या मेदाम्लांची तपासणी उपाशीपोटीच्या रक्तातून पाठवली. बाधित पुरुषात ती जन्मापासूनच वाढलेली असतात, त्यामुळे मुलग्यांत एका नमुन्यावर निदान जवळजवळ पक्के होते. जनुकांचे पॅनेल महाग आहे आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. ते मेदाम्लांचा अहवाल सामान्य आला तर एनआर०बी१ साठी करायचे, असे ठरवून तो नमुना राखून ठेवला. प्रतिपिंडांच्या अहवालासाठीही थांबलो नाही.

पुढचा निर्णय मेंदूच्या एमआरआयचा होता. मेदाम्लांचा अहवाल यायला दोन आठवडे लागणार होते. मज्जासंस्थेची तपासणी सामान्य होती, तेव्हा थांबता आले असते. पण आईने सांगितले की बाईंनी दोनदा वहीत लिहून पाठवले होते : अक्षर बिघडले आहे, सांगितलेले ऐकतो पण करत नाही. कानाची तपासणी सामान्य होती. अशा मुलांवर पुष्कळदा चंचलतेचा शिक्का बसतो. मामा आणि ही वही, दोन्ही समोर असताना आम्ही त्याच आठवड्यात रंगद्रव्य देऊन एमआरआय केला, आणि गुंगी द्यायची असल्याने आधी हायड्रोकॉर्टिसोनचा वाढीव डोस दिला. ॲड्रिनल अपयशाच्या मुलाला रिकाम्यापोटी गुंगीसाठी नेताना हे विसरले, तर तपासणीच संकट ठरते.

मेंदूच्या मागच्या बाजूला, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या शेपटाशी, पांढऱ्या भागात दोन्हीकडे सारखा बदल होता आणि त्याच्या कडेला रंगद्रव्य शोषले जात होते. या बदलांना शून्य ते ३४ असे गुण देण्याची लोएस पद्धत आहे. इथे गुण ४ होते. रंगद्रव्य शोषणे म्हणजे दाह चालू आहे आणि आजार पुढे सरकणार आहे. नंतर मेदाम्लांचा अहवाल स्पष्टपणे वाढलेला आला, प्रतिपिंडे नव्हती, आणि एबीसीडी१ मधला दोष पुढे निश्चित झाला.

आई-वडिलांसमोर आम्ही पर्याय ठेवले. काहीही न करता सहा महिन्यांनी एमआरआय करणे हा पर्याय रंगद्रव्य शोषले जात असताना परवडणारा नव्हता. वडिलांनी इंटरनेटवर लोरेंझोच्या तेलाबद्दल वाचले होते. त्याने रक्तातली मेदाम्ले खाली येतात, पण सुरू झालेला मेंदूचा दाह थांबत नाही. जनुकोपचाराला अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, परंतु नंतर काही मुलांत रक्ताचे कर्करोग आढळल्याने त्याचा वापर मर्यादित झाला आणि या कुटुंबाच्या आवाक्यात तो नव्हताच. उरले दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे बोलीभाषेतले बोन मॅरो ट्रान्सप्लांट. लोएस गुण नऊपर्यंत असताना आणि मूल चालते-बोलते-पाहते असताना केले तरच ते उपयोगी पडते. उशिरा केले तर आजार थांबण्याआधीच मूल बरेच काही गमावते.

दाता शोधताना एक नाजूक प्रश्न उभा राहिला. धाकटा भाऊ जुळेल अशी आशा होती, पण त्याचीच मेदाम्ले वाढलेली निघाली. बहीण स्वतः वाहक असू शकते आणि मुली-स्त्रियांमध्ये मेदाम्ले सामान्य असूनही दोष असू शकतो, म्हणून तिला जनुकतपासणी लागली असती. आम्ही आधी फक्त तिचे पेशीप्रकार जुळतात का ते पाहिले. ते जुळले नाहीत. शेवटी वडील अर्धे जुळणारे दाता ठरले. मुलाला सदोष एक्स आईकडून आलेले असल्याने वडिलांच्या पेशींत हा दोष नव्हता.

परिणाम

निदानानंतर सुमारे चार महिन्यांनी मुंबईत प्रत्यारोपण झाले. त्याआधीच्या एमआरआयमध्ये गुण ५ झाले होते. प्रत्यारोपणाच्या काळात ताप आणि उलट्या ठरलेल्याच असतात, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनचे वाढीव डोस कधी आणि किती, हे कर्करोग विभागाच्या परिचारिकांच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लावले होते.

प्रत्यारोपणानंतर आजार लगेच थांबत नाही. दात्याच्या पेशी मेंदूत स्थिरावेपर्यंत तो काही महिने पुढे सरकतो. हे आधी सांगितले नसते, तर वर्षअखेरीचे ७ गुण पाहून पालकांना उपचार फसला असे वाटले असते. त्यानंतरच्या वर्षभरात गुण सातवरच राहिले आणि रंगद्रव्य शोषले जाणे थांबले. मुलगा शाळेत जातो. फळ्यावरचे उतरवायला त्याला वेळ लागतो आणि गर्दीच्या गोंगाटात बोललेले पटकन कळत नाही, तेव्हा त्याला पहिल्या बाकावर बसवले आहे.

ग्रंथीवर प्रत्यारोपणाचा परिणाम होत नाही. तो सकाळी अडीच, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सव्वा मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन घेत असे. वजन वाढेल तसा डोस वाढतो. तापात तिप्पट डोस, आणि उलट्या होऊन गोळी टिकली नाही तर ५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, हे लिहिलेले पत्र शाळेत, दप्तरात आणि रिक्षावाल्या काकांकडेही आहे. रेनिन अजून मर्यादेत असल्याने मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू केलेले नाही, पण ते दर वेळी पाहिले जाते. प्रौढपणी मामासारखा कण्याचा त्रास होण्याची शक्यता प्रत्यारोपणाने मिटलेली नाही, हेही पालकांना सांगितले आहे.

धाकट्याला कोणताही त्रास नसताना आजार सापडला. दर तीन-चार महिन्यांनी सकाळचे कॉर्टिसॉल व एसीटीएच होत असे. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास एसीटीएच चढू लागले आणि उत्तेजना चाचणीत कॉर्टिसॉल अपुरे निघाले, तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. त्याला एकदाही संकट आले नाही. तिसऱ्या वर्षापासून बारा वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मेंदूचा एमआरआय, त्यानंतर दरवर्षी, असे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी संधी ऐरोलीत हुकलेली नाही. मामाच्या ताठर पायांचे कारण मणक्यात सापडले नाही, तेव्हा मेदाम्लांची एक तपासणी झाली असती, तर भाच्याची तपासणी जन्मतःच झाली असती आणि मेंदूतला पहिला ठिपका दिसण्याआधीच त्याच्यावर नजर असती. आता मामाचा अहवाल तसाच आला आहे, आणि त्याचे कॉर्टिसॉलही कमी निघाले, ज्याची त्याला कल्पनाच नव्हती.

त्याआधीच्या मार्चमध्येही एका दवाखान्यात मुलाला उलट्या आणि गुंगीसाठी सलाइन लावले होते आणि संध्याकाळपर्यंत तो बरा झाला होता. सलाइन आणि साखर यांनी ॲड्रिनल संकट थोडा वेळ झाकले जाते. तेव्हाच मुलाची साखर मोजणे, हिरड्या आणि तळहात उजेडात पाहणे आणि सकाळचे कॉर्टिसॉल करणे, एवढ्यात चार महिने वाचले असते. नवजात तपासणी झाली होती, असे आई म्हणाली. पण इथे टाचेतून रक्त घेऊन जे तपासतात त्यात १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असते, आणि त्याने या दोन्हींपैकी एकही आजार सापडत नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये एएलडीचा समावेश शिफारस केलेल्या नवजात तपासण्यांत केला.

हाच मुलगा तीन आठवड्यांचा असताना सोडियम ११५ आणि पोटॅशियम ७ घेऊन आला असता आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन वाढलेले नसते, तर आमचा क्रम उलटा असता : एनआर०बी१ आधी, आणि सोबत सीपीके. तेव्हा मेंदूच्या एमआरआयची घाई नसती, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी वयात येण्याची वाट न पाहता संप्रेरके देण्याची तयारी ठेवावी लागली असती. मधल्या वयात, प्रतिपिंडे नसलेल्या प्रत्येक मुलग्यात मात्र मेदाम्लेच आधी तपासावीत असे आम्हाला वाटते, कारण हायपोप्लाझियाचे निदान महिनाभर लांबले तर गोळ्या त्याच राहतात, आणि एएलडीचे लांबले तर प्रत्यारोपणाची वेळ निघून जाऊ शकते.

नातेवाइकांपैकी डोंबिवलीतल्या मावशीच्या तीन वर्षांच्या मुलाचा अहवाल सामान्य आला. मामाला एक मुलगी आहे. बापाचे एकुलते एक्स मुलीला मिळते, म्हणून ती वाहक आहे हे तपासणीविनाच ठरलेले आहे, आणि तिच्या लग्नाआधी नव्हे तर तिला समजेल अशा वयात हे तिलाच सांगायचे, असे मामाने कबूल केले. आईला चाळिशीनंतर पायांत जडपणा येऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा तिची मज्जासंस्थेची तपासणी होते. अकरा वर्षांच्या बहिणीची जनुकतपासणी दात्यासाठी लागली नाही, तेव्हा ती केलेली नाही. ती अठराची झाल्यावर तिने स्वतः ठरवायचे आहे, आणि तोपर्यंतचा तिचा नमुना कुठेही राखून ठेवलेला नाही.